मुद्दा फुलवायचा, पण पदरचं घालायचं नाही

शाळेत मराठीच्या पेपरात एक प्रश्न हमखास यायचा: मुद्द्यांवरून गोष्ट लिहा. 'लाकूडतोड्या – नदीकाठ – कुऱ्हाड पाण्यात – देवता – सोन्याची कुऱ्हाड – नकार – बक्षीस.' मग आपण लाकूडतोड्याच्या घरी आजारी बायको आणायचो, नदीचं पाणी निळंशार करायचो, देवतेच्या तोंडी दोन वाक्यं घालायचो. गुणही त्यालाच मिळायचे. गोष्टीसाठी हा सराव उत्तमच आहे. पण त्याने हाताला एक वळण लागतं. पुढे कधी आपल्याला सभेची टिपणं, प्रकल्पाचे मुद्दे किंवा कुणाच्या वहीतल्या नोंदी सलग लिहून काढायच्या असतात, तेव्हाही हात तेच करतो. मोकळी जागा दिसली की भरून टाकतो. इथे मात्र ती लाकूडतोड्याची आजारी बायको वाचणाऱ्याला खरी वाटते.

हे माझ्या हातून कसं झालं आणि मग ते कसं दुरुस्त केलं, हे एका मुद्द्यावरून सांगते. शाळेची सहल कोयना धरणाच्या भागात जाणार होती आणि मुलांना द्यायला दोन पानांचं माहितीपत्रक हवं होतं. माहिती एका निवृत्त विज्ञानशिक्षकांच्या वहीत होती. आम्ही सगळे त्यांना सरच म्हणतो. वहीत 'भूकंप' या शीर्षकाखाली पहिली ओळ अशी होती:

'कोयना – ११ डिसें. १९६७ – पहाटे – ६.३ – धरण? – बांधकाम मजबूत'

बस, एवढंच. मी बसल्या बैठकीला त्याचा परिच्छेद केला तो असा:

'११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे सारं कोयनानगर गाढ झोपेत असताना धरणामुळे ६.३ रिश्टर स्केलचा भीषण भूकंप झाला. काही क्षणांत मातीची घरं जमीनदोस्त झाली आणि लोक जीव मुठीत धरून रस्त्यावर धावले. मात्र बांधकाम मजबूत असल्यामुळे धरणाला साधा तडाही गेला नाही.'

वाचायला बरा वाटतो, व्याकरणही ठीक आहे. एकही तारीख चुकलेली नाही. आणि तरीही यातला निम्मा भाग मला कुणी सांगितलेला नव्हता, आणि एक वाक्य तर सरळ खोटं होतं.

घोळ कुठे होतो ते आधी पाहू. आपल्याला वाटतं, खोटं शिरतं ते नावांत आणि आकड्यांत. तिथे आपण सावध असतो, म्हणून तिथे ते सहसा शिरत नाही. ते शिरतं प्रत्ययांत. टिपण घेताना माणूस वेळ वाचवायला नामं ठेवतो आणि क्रियापदं, विभक्तीचे प्रत्यय, शब्दयोगी अव्ययं गाळतो. 'भूकंप' आणि 'धरण' हे दोन शब्द राहतात, त्यांना जोडणारं हरवतं. आता तुम्ही वाक्य करायला बसलात की मराठी तुम्हाला सोडत नाही. 'धरण' हा शब्द तसाच कोरा वाक्यात बसत नाही, त्याला काहीतरी लावावं लागतं. धरणामुळे? धरणानंतर? धरणाजवळ? धरणाला? चारही व्याकरणात बसतात आणि चारही वेगवेगळी विधानं आहेत. 'धरणाजवळ' म्हटलं तर ती जागा झाली, 'धरणानंतर' म्हटलं तर तो क्रम झाला, 'धरणाला' म्हटलं तर धरणावर काय परिणाम झाला याची गोष्ट सुरू झाली आणि 'धरणामुळे' म्हटलं तर तुम्ही कारण सांगितलंत. प्रत्यय लावताना हात थांबत नाही, कारण आपल्याला तो फक्त व्याकरणाचा भाग वाटतो. पण मुद्द्याचं वाक्य करण्यातली सगळ्यात मोठी भर तीच असते.

माझ्या परिच्छेदात 'धरणामुळे' असं झालं. सरांनी 'धरण' पुढे प्रश्नचिन्ह टाकलं होतं. ते मी पाहिलं होतं. पण प्रश्नचिन्हाचं वाक्य कसं करायचं हे सुचलं नाही आणि वाक्याच्या ओघात ते गळून पडलं. टिपणातली शंका अशीच नाहीशी होते. मुद्द्यात ती एका खुणेची असते, परिच्छेदात ती टिकवायला निदान अर्धं वाक्य खर्चावं लागतं.

तसंच 'असल्यामुळे'. 'बांधकाम मजबूत' या दोन शब्दांत क्रियापद नाही. मी 'होतं' असं धरून चालले. 'केलं' असंही असू शकतं, हे मनात आलंच नाही. बांधकाम मजबूत होतं, म्हणजे भूकंपाच्या आधीची गोष्ट. बांधकाम मजबूत केलं, म्हणजे नंतरची. एका गाळलेल्या क्रियापदाने घटनांचा क्रम उलटा होतो. आणि एकदा 'होतं' धरल्यावर पुढचं वाक्य आपोआप येतं: मजबूत होतं, म्हणून काही झालं नाही. 'साधा तडाही गेला नाही' हे वहीत कुठेही नव्हतं. ते माझ्या आधीच्या चुकीचं लेकरू होतं.

'रिश्टर स्केल' हेही असंच. सरांनी नुसतं ६.३ लिहिलं होतं. वर्तमानपत्रांत वाचून वाचून ६.३ दिसलं की हात रिश्टर लिहितो. पण भूकंपाचं मोजमाप करण्याच्या पद्धती एकाहून अधिक आहेत आणि याच भूकंपाचा आकडा कुठे ६.३ तर कुठे ६.६ असा मिळतो. मोजपट्टीचं नाव लावणं हेही एक विधानच आहे.

उरला तो मातीच्या घरांचा आणि जीव मुठीत धरण्याचा भाग. इथली चूक जास्त बारीक आहे, कारण यात ज्ञान आहे. दगडमातीच्या भिंती भूकंपात कोसळतात, हे खरंच आहे. मग मी खोटं काय लिहिलं?

हा फरक मला क्रियापदाच्या काळावरून समजला. 'भूकंपात मातीच्या भिंती पडतात' हा साधा वर्तमानकाळ आहे. तो सगळ्या भूकंपांबद्दल बोलतो, आणि ते तुम्ही भूकंपाबद्दलच्या कुठल्याही चांगल्या पुस्तकाच्या आधारे सांगू शकता. 'मातीच्या भिंती पडल्या' हा भूतकाळ आहे. तो एका गावातल्या, एका पहाटेच्या, ठरावीक भिंतींबद्दल बोलतो. ते सांगायला कुणीतरी ते पाहिलेलं किंवा नोंदवलेलं लागतं. 'पडतात'वरून 'पडल्या'वर येताना आपण एक पायरी उतरतो, आणि त्या पायरीसाठी वेगळा पुरावा लागतो. आपल्याला वाटतं, सर्वसाधारणपणे होतं ते इथेही झालं असणार. झालंही असेल. पण 'असणार' हा शब्द मनात राहतो आणि कागदावर 'झालं' उतरतं.

म्हणून मी आता एक सोपा नियम पाळते. मुद्दा फुलवताना सर्वसाधारण ज्ञान खुशाल घालायचं, उलट घालायलाच हवं, नाहीतर परिच्छेद समजावणार काय? पण ते वर्तमानकाळातच ठेवायचं. भूतकाळातलं प्रत्येक वाक्य मात्र एकतर मुद्द्यातून आलेलं हवं, नाहीतर शोधून किंवा विचारून आणलेलं. यात अडचणीच्या जागा आहेत. गोष्टीच्या ओघासाठी कुणी ऐतिहासिक वर्तमानकाळ वापरतं ('शिवाजी महाराज गड उतरतात'), तिथे हा नियम फसतो. तरी पहिल्या चाळणीला तो पुरतो.

मग मी परिच्छेद पुन्हा लिहायला घेतला. आधी पेन्सिलने मुद्द्याखाली प्रश्न लिहिले. पहाटे म्हणजे किती वाजता? ६.३ कुणी मोजलं, दुसरा आकडा आहे का? धरण, म्हणजे काय संबंध? मजबूत, होतं की केलं? परिच्छेद लांब करण्यासाठी लागणारा सगळा मजकूर या प्रश्नांच्या उत्तरांत असतो. विशेषणं शोधायची गरज पडत नाही. 'भीषण' हा शब्द मी घातला होता, तो किती वाजता हे ठाऊक नव्हतं म्हणून. माहिती कमी पडते तिथे विशेषण येतं, हे मी स्वतःच्या लिखाणात पुन्हा पुन्हा पाहिलं आहे.

वेळ शोधताना एक गंमतीची अडचण आली. एका इंग्रजी यादीत हा भूकंप १० डिसेंबरचा आहे. सरांची तारीख चुकली असं समजून मी ती दुरुस्त करणार होते. पण भूकंपांच्या आंतरराष्ट्रीय याद्या जागतिक प्रमाणवेळ वापरतात, आणि ती आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे आहे. तिथे १० तारखेच्या रात्रीचे १० वाजून ५१ मिनिटं झाली होती, तेव्हा इथे ११ तारखेच्या पहाटेचे ४ वाजून २१ मिनिटं. दोन्ही तारखा बरोबर होत्या. नोंद आणि बाहेरचा आधार जुळत नसेल तर लगेच एकाला चूक ठरवायचं नाही. आधी दोघं एकच गोष्ट मोजताहेत का ते पाहायचं. ६.३ आणि ६.६ यांचंही तेच. मी दोन्ही ठेवले.

धरणाच्या प्रश्नचिन्हावर सगळ्यात जास्त वेळ गेला आणि तो जायलाच हवा होता. कोयनेच्या शिवसागर जलाशयात पाणी साठवायला सुरुवात झाली ती १९६२ च्या सुमारास. त्यानंतर त्या परिसरात लहान लहान धक्के जाणवू लागले आणि १९६७ मध्ये हा मोठा धक्का बसला. यावरून 'धरणानंतर' हे निश्चित म्हणता येतं. 'धरणामुळे' म्हणायला नुसता क्रम पुरत नाही, घडलं कसं तेही सांगावं लागतं. ते साधारण असं सांगतात: जमिनीखालच्या खडकांत जुन्या भेगा असतात आणि पृथ्वीच्या कवचाच्या हालचालींमुळे त्यांवर आधीपासूनच ताण साठलेला असतो. भेगेच्या दोन बाजू एकमेकींना घट्ट दाबून असतात, घर्षणाने अडकलेल्या असतात. वर तलाव भरला की पाण्याचा भार येतो आणि पाणी झिरपत खोल जातं. भेगेतल्या पाण्याचा दाब वाढला की दोन बाजूंची पकड सैल होते, आणि आधीच साठलेला ताण मोकळा होऊ शकतो.

म्हणजे ताण धरणाने निर्माण केला नाही, धरणाने तो सुटायला वाट दिली. यासाठी मराठीत नेमका शब्द आहे: निमित्त. कारण वेगळं, निमित्त वेगळं, हे आपण घरातसुद्धा बोलतो. 'भांडणाचं निमित्त चहा होता' असं म्हणणारा माणूस चहाला दोष देत नसतो. कोयनेचा भूकंप हे जलाशयाच्या निमित्ताने होणाऱ्या भूकंपांचं जगातलं सगळ्यात ठळक उदाहरण मानलं जातं. 'मानलं जातं' हे इथे मी पळवाट म्हणून लिहीत नाही. सरांच्या प्रश्नचिन्हाला परिच्छेदात मिळालेली ती जागा आहे. मुद्द्यात शंका असेल तर परिच्छेदात कुणीतरी 'मानणारं' दिसलंच पाहिजे.

आता 'बांधकाम मजबूत'. इथे मी पुस्तक उघडण्याआधी सरांना फोन केला.

"सर, वहीत 'बांधकाम मजबूत' लिहिलंय. मजबूत होतं, असं म्हणायचंय का तुम्हाला?"

"अगं नाही. मजबूत केलं नंतर. भेगा पडल्या होत्या ना. मागच्या बाजूने काँक्रीटचे आधार दिले."

"मी तर लिहिलं, साधा तडाही गेला नाही."

"ते आधी खोड. आणि फुटलं मात्र नाही, तेही लिही. मुलं तेच विचारतील."

अर्ध्या मिनिटाचं बोलणं. ज्याने मुद्दा लिहिला तो माणूस हयात असेल, फोन उचलत असेल, तर त्याला विचारण्याइतका चांगला आधार दुसरा नाही. आपण विचारत नाही, कारण विचारलं तर आपल्याला समजलं नाही असं दिसेल, ही भीती असते. मग मी तपासूनही घेतलं. १०३ मीटर उंचीच्या या धरणाच्या उंच भागांत वरच्या बाजूला आडव्या भेगा पडल्या होत्या, आणि नंतर त्या भागांना पाण्याच्या विरुद्ध बाजूने काँक्रीटचे आधार देण्यात आले. सरांच्या दोन शब्दांत ही सगळी हकिकत दडलेली होती. मी तिच्या अगदी उलट लिहिलं होतं.

शेवटी पत्रकात गेलेला परिच्छेद असा:

'११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे ४ वाजून २१ मिनिटांच्या सुमारास कोयनानगर परिसरात मोठा भूकंप झाला. त्याचा आकडा ६.३ असा दिला जातो, काही मोजणींत तो ६.६ पर्यंत जातो. कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयात त्याआधी साधारण पाच वर्षांपासून पाणी साठवलं जात होतं आणि त्या काळात इथे लहान धक्के जाणवू लागले होते. जमिनीखालच्या खडकांतल्या भेगांवर ताण साठलेला असतो. वरच्या तलावातलं पाणी झिरपून भेगेतला दाब वाढला, तर भेगेची पकड सैल होते आणि साठलेला ताण मोकळा होऊ शकतो. म्हणून कोयनेचा जलाशय हा या भूकंपाचं निमित्त ठरला, असं शास्त्रज्ञ मानतात. भूकंपात धरण फुटलं नाही, पण त्याच्या उंच भागांत भेगा पडल्या. पुढे त्या भागांना मागून काँक्रीटचे आधार देऊन धरण मजबूत करण्यात आलं.'

पहिल्या परिच्छेदाच्या दुपटीहून जास्त लांब आहे, आणि त्यात कुणी झोपलेलं नाही, कुणी धावत नाही. क्रियापदांचे काळ पाहा. मधली दोन वाक्यं, भेगा आणि दाबाची, वर्तमानकाळात आहेत. ती कुठल्याही तलावाला लागू पडतात. त्यांच्या दोन्ही बाजूंची भूतकाळातली वाक्यं फक्त कोयनेची आहेत. जोड आहे ती 'म्हणून' या शब्दावर. एवढा एकच 'म्हणून' मी परिच्छेदात ठेवला, आणि त्याचा भार शास्त्रज्ञांच्या मतावर ठेवला.

छापायला देण्याआधी उलटी तपासणी केली. परिच्छेद एका मैत्रिणीला दिला आणि सांगितलं, याचा एका ओळीचा मुद्दा कर. तिने लिहिलं: 'कोयना – ११ डिसें. ६७ पहाटे – ६.३/६.६ – जलाशय निमित्त (मत) – धरणाला भेगा, नंतर मजबूत केलं.' सरांच्या ओळीशी ताडून पाहिलं. तिच्या ओळीत जास्तीचं आहे ते सगळं मी शोधून किंवा विचारून आणलेलं होतं, आणि सरांचं काही हरवलं नव्हतं. प्रश्नचिन्हसुद्धा कंसातल्या 'मत' या शब्दात आलं होतं. माझ्या पहिल्या परिच्छेदाचा असा मुद्दा केला असता तर 'धरणामुळे भूकंप – घरं पडली – धरण शाबूत' असा झाला असता. तो मुद्दा सरांनी लिहिलेलाच नव्हता. स्वतःच्या परिच्छेदाचा मुद्दा स्वतः करून ही तपासणी होत नाही, कारण आपल्या डोक्यात मूळ ओळ असते आणि आपण तीच पुन्हा लिहितो. दुसरं माणूस लागतं.

सरांच्या वहीत त्याखाली आणखी एक ओळ होती: 'मदत – कराड – लगेच'. हिच्यावर मला परिच्छेद करता आला असता. मदत कराडहून आली? कराडला नेली? लगेच म्हणजे त्याच दिवशी? गाड्या, डॉक्टर, रस्त्यावर उभे राहिलेले लोक, सगळं डोळ्यांपुढे येत होतं, आणि म्हणूनच मी हात आवरला. सरांना विचारलं तर ते म्हणाले, "ते मी एका व्याख्यानात ऐकलेलं, पुढचं आठवत नाही." त्या ओळीला प्रत्यय मिळाला नाही. पत्रकात भूकंपाचा एकच परिच्छेद गेला आणि खाली दोन बोटं जागा कोरी राहिली.